बारकोड वाचत नाही? आधी डॉट मोजा

आमच्या कांदा-लसूण मसाल्याची पहिली साठ पाकिटं एका मोठ्या दुकानातून दोन दिवसांत परत आली. मसाल्याबद्दल तक्रार नव्हती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं पाकीट मशीन घेतच नाही. दर वेळी तेरा आकडे हातानं मारायला लागतात, तोवर मागं रांग लागते."

बारकोड आम्ही मनानं केलेला नव्हता. नंबर रीतसर घेतलेला होता आणि डिझाइन करणाऱ्या मुलानं नियमात दिलेल्या शंभर टक्के साइजमध्येच तो काढून दिला होता. घरच्या लेबल प्रिंटरवर छापला, डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. वाचत नाही म्हटल्यावर आम्ही तो मोठा केला, मग गडद केला, आणि दोन्ही वेळा तो आणखी बिघडला. शेवटी चालला तो लहान केल्यावर. हे उलटं का घडलं ते समजायला आम्हाला तीन आठवडे आणि लेबलचे दोन रोल लागले. गृहउद्योगाचं पहिलं पाकीट दुकानात द्यायच्या तयारीत असाल तर खालच्या क्रमानं जा.

हाताशी काय हवं

- बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून मिळालेला तुमचा स्वतःचा नंबर. भारतात दिलेले नंबर ८९० ने सुरू होतात. कुठल्या तरी वेबसाइटवरून स्वस्तात मिळालेला नंबर दुसऱ्याच्या नावावर निघू शकतो, त्या वाटेला जाऊ नका.
- प्रिंटरचं माहितीपत्रक. त्यातला फक्त डीपीआयचा, म्हणजे प्रिंटर एका इंचात किती डॉट किंवा ठिपके छापतो त्याचा, आकडा हवा. घरगुती लेबल प्रिंटर बहुतेक २०३ डीपीआयचे असतात.
- लेबलचं खरं माप, पट्टीनं मोजलेलं. आमचं ३८ बाय २५ मिलिमीटरचं होतं.
- स्टीलची पट्टी आणि एक भिंग. शिलाईच्या दुकानात किंवा घड्याळजीकडे मिळतं तेवढं पुरे.
- जमलं तर एक साधा हातातला स्कॅनर. नसेल तर ओळखीच्या दुकानदाराचा.

## १. मॉड्यूल म्हणजे काय ते आधी समजून घ्या

पाकिटावर असतो तो तेरा आकड्यांचा बारकोड म्हणजे ईएएन-१३. त्यातली सगळ्यात बारीक रेघ जेवढी रुंद, तेवढ्या रुंदीला एक मॉड्यूल म्हणतात. बाकीच्या काळ्या रेघा आणि मधल्या पांढऱ्या फटी याच मापाच्या एकपट, दोनपट, तीनपट किंवा चौपट असतात. स्कॅनर रेघा ओळखतो तो या पटींवरून. एखादी रेघ किती मिलिमीटरची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, शेजारच्या फटीच्या ती किती पट आहे हे त्याला कळायला हवं.

नंबर कुठलाही असो, ईएएन-१३ च्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत बरोबर ९५ मॉड्यूल असतात. शिवाय डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल जागा कोरी सोडावी लागते, कारण बारकोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्कॅनरला त्या कोऱ्या जागेवरून कळतं. म्हणजे सगळे मिळून ११३.

शंभर टक्के साइजमध्ये एक मॉड्यूल ०.३३ मिलिमीटरचा. ११३ ने गुणलं की ३७.२९ मिलिमीटर येतात. ३८ च्या लेबलवर हे छान बसतं, आणि डिझाइनवाल्यानं तेच केलं होतं. हिशोबात त्याची काहीच चूक नव्हती.

## २. प्रिंटरचा डॉट काढा

छपाईत तो हिशोब कुठे मोडतो, ते इथे दिसतं. आमच्यासारख्या थर्मल, म्हणजे उष्णतेनं छापणाऱ्या लेबल प्रिंटरच्या हेडवर तापणारे बारीक ठिपके ओळीनं बसवलेले असतात. प्रिंटर एक ठिपका काळा करू शकतो किंवा कोरा सोडू शकतो. अर्धा ठिपका त्याला छापता येत नाही.

२०३ डीपीआय म्हणजे एका इंचात २०३ डॉट, मिलिमीटरला ८. एक डॉट ०.१२५ मिलिमीटरचा. आता ०.३३ मिलिमीटरचा मॉड्यूल या डॉटमध्ये बसवून बघा:

```
0.33 / 0.125 = 2.64
```

एका मॉड्यूलला २.६४ डॉट. असा मॉड्यूल प्रिंटरला छापताच येत नाही, म्हणून तो कुठे ३ डॉट देतो, कुठे २. आमच्या बारकोडच्या रेघा ३१.३५ मिलिमीटरमध्ये होत्या, म्हणजे साधारण २५१ डॉटमध्ये. ९५ मॉड्यूल २५१ डॉटमध्ये कोंबायचे तर ६१ मॉड्यूल ३ डॉटचे होतात आणि ३४ मॉड्यूल २ डॉटचे. तीनातला एक मॉड्यूल बाकीच्यांपेक्षा एक तृतीयांशानं बारीक. दोनपट असायला हवी ती रेघ कुठे ५ डॉटची होते आणि तिच्या शेजारची एकपट फट ३ डॉटची. जो पटींचा हिशोब स्कॅनर लावतो, तोच असा छपाईत विस्कटतो.

भिंगातून हे अगदी सरळ दिसतं. बारकोडच्या डाव्या टोकाला दोन लांब बारीक रेघा असतात, मध्यभागी दोन आणि उजव्या टोकाला दोन. त्या नंबर कोणताही असला तरी बदलत नाहीत: रेघ, फट, रेघ, तिन्ही एकेक मॉड्यूलच्या. त्यांची रुंदी तंतोतंत सारखी दिसायला हवी. आमच्या लेबलवर डावीकडची पहिली रेघ जाड होती, फट जाड होती आणि दुसरी रेघ बारीक. मधल्या जोडीत फट बारीक आणि दोन्ही रेघा जाड. साध्या नजरेला जो बारकोड रेखीव वाटत होता तो भिंगाखाली असा वाकडातिकडा होता.

बारकोड वाचत नसेल तेव्हा सगळ्यात आधी या तीन जोड्या बघायच्या. एका ठिकाणी रेघ जाड, दुसऱ्या ठिकाणी बारीक असं असेल तर दोष साइजचा आहे. सगळीकडे सारख्याच प्रमाणात रेघा जाड आणि फटी बारीक असतील तर दोष डार्कनेसचा, म्हणजे हेड जास्त तापतंय. या दोन दोषांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि आम्ही एकाचं औषध दुसऱ्याला दिलं. डार्कनेस वाढवल्यावर ज्या २ डॉटच्या फटी होत्या त्याही भरून यायला लागल्या.

## ३. साइज मिलिमीटरमध्ये ठरवू नका, डॉटमध्ये ठरवा

आधी माप ठरवायचं आणि मग बारकोड त्यात बसवायचा, हा क्रम उलटा करा. एका मॉड्यूलला पूर्ण २ डॉट किंवा पूर्ण ३ डॉट असं ठरवा. माप आपोआप निघेल.

```
113 × 3 × 0.125 = 42.4 mm
113 × 2 × 0.125 = 28.25 mm
```

३ डॉटचा मॉड्यूल ०.३७५ मिलिमीटरचा. वाचायला उत्तम, पण त्याला ४२.४ मिलिमीटर रुंदी लागते आणि ३८ च्या लेबलवर तो मावत नाही. ५० च्या लेबलवर आरामात बसतो.

२ डॉटचा मॉड्यूल ०.२५ मिलिमीटरचा. इथे आम्ही बरेच दिवस अडलो, कारण सगळीकडे किमान साइज ८० टक्के, म्हणजे ०.२६४ मिलिमीटर, असं लिहिलेलं असतं आणि ०.२५ त्याच्या खाली जातो. पण जीएस१ च्या नियमातच सवलत आहे: थर्मल किंवा लेझर प्रिंटरवर लागेल तसं छापत असाल तर ०.२४९ मिलिमीटरपर्यंत चालतं. ०.२५ त्याच्या नेमका वर बसतो. ही सवलत घरच्या प्रिंटरसाठी आहे. प्रेसमध्ये पाऊच छापून घेताना ०.२६४ च्या खाली जायचं नाही.

म्हणून ३८ च्या लेबलवर २०३ डीपीआयच्या प्रिंटरनं छापायचा बारकोड २८.२५ मिलिमीटरचाच घ्यावा. ३०, ३३ किंवा ३७ चा नको. आमचा तोच चालला, पहिल्या फटक्यात.

आम्ही मोठा केला होता तो का फसला, तेही यातून कळतं. रेघा ३४ मिलिमीटरपर्यंत ताणल्या होत्या. तेव्हा मॉड्यूलला २.८६ डॉट आले, म्हणजे कमीजास्त होणं थांबलं नाही. शिवाय दोन्ही बाजूंना जेमतेम २ मिलिमीटर कोरी जागा उरली. डावीकडे ११ मॉड्यूल, म्हणजे जवळपास ४ मिलिमीटर हवी होती.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्या. आम्हालाही मिळाला होता. त्याचा डॉट साधारण ०.०८५ मिलिमीटरचा. ४ डॉटचा मॉड्यूल घेतला तर बारकोड सुमारे ३८ मिलिमीटरचा होतो, म्हणजे लेबल केसभर सरकलं की कडेची कोरी जागा गेली. ३ डॉटचा घेतला तर साधारण २८.७ मिलिमीटर, म्हणजे जुन्या प्रिंटरवर मिळतो त्याच मापाचा. या लेबलपुरता त्या खर्चात काही फायदा नाही. त्यापेक्षा ५० चा रोल आणा.

## ४. बारकोडचं चित्र चिकटवू नका

वरचा हिशोब प्रिंटरपर्यंत पोचायला हवा, आणि जेपीजी चित्रातून तो पोचत नाही. चित्र ओढून लहानमोठं केलं की रेघांच्या कडांवर करडा रंग येतो. थर्मल प्रिंटरला करडा छापता येत नाही, तो तिथे ठिपके विखुरतो. म्हणून लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये बारकोडचं स्वतःचं साधन असतं तेच वापरा, त्यात नंबर टाइप करा आणि `X-dimension`, `Narrow bar` किंवा `Module width` अशा नावाच्या रकान्यात मॉड्यूलची रुंदी द्या. एकक बदलता येत असेल तर डॉट निवडा. बारकोडचा कोपरा माउसनं धरून ताणायचा नाही, कधीच नाही.

तुमच्या प्रिंटरला झेडपीएल ही लेबल प्रिंटरला थेट सूचना द्यायची भाषा कळत असेल तर सॉफ्टवेअरशिवायही छापता येतं. ३८ बाय २५ च्या लेबलसाठी हे पुरतं:

```
^XA
^PW304
^LL200
^FO57,20
^BY2
^BEN,138,Y,N
^FD890000000000^FS
^XZ
```

`^PW304` म्हणजे लेबलची रुंदी, ३८ गुणिले ८ डॉट. `^BY2` म्हणजे एका मॉड्यूलला २ डॉट, या सगळ्या खटाटोपाचं सार त्या एका आकड्यात आहे. `138` ही रेघांची उंची, सुमारे १७ मिलिमीटर. नंबर इथे नमुन्याचा आहे. तुमच्या तेरापैकी पहिले बारा आकडे द्यायचे, तेरावा पडताळणीचा आकडा प्रिंटर स्वतः काढतो. त्यानं छापलेला तेरावा आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का, तेवढं बघा.

उंचीबद्दल एक गोष्ट. लेबलवर जागा करायला लोक आधी उंची छाटतात. हातातला स्कॅनर नीट आडवा धरला तर कमी उंची चालून जाते. पण मोठ्या दुकानात काउंटरमध्ये बसवलेला स्कॅनर असतो आणि पाकीट त्याच्यासमोरून कसंही तिरकं जातं. रेघा उंच असतील तर तिरक्या किरणालाही पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या रेघा एका दमात सापडतात, आखूड असतील तर किरण मधेच वरून किंवा खालून बाहेर पडतो. आमच्या लेबलवर बारकोडशिवाय काहीच नाही, बाकी मजकूर पाऊचवर छापलेला आहे, म्हणून उंची पूर्ण ठेवता आली.

पीडीएफवरून छापणार असाल तर प्रिंटच्या खिडकीत `Fit` नको, `Actual size` निवडा. `Fit` मुळे पान ९७ टक्के झालं तरी २ डॉटचा मॉड्यूल १.९४ चा होतो आणि सगळी मेहनत वाया. ड्रायव्हरमध्ये लेबलचं माप चुकीचं भरलेलं असेल तरी हेच होतं.

## ५. क्यूआरमध्ये आधी मजकूर छाटा

बॅच नंबर आणि तारखेच्या दुसऱ्या लेबलवर आम्हाला एक क्यूआर हवा होता: स्कॅन केलं की मसाला वापरायच्या कृती दिसाव्यात. जागा १५ मिलिमीटर, म्हणजे १२० डॉट.

क्यूआरमध्ये मॉड्यूल म्हणजे एक चौकोनी ठिपका. ईएएनमध्ये मॉड्यूलची संख्या ठरलेली असते. क्यूआरमध्ये ती मजकुराबरोबर वाढते. सगळ्यात लहान क्यूआर २१ बाय २१ चा, पुढे मजकूर वाढेल तशी प्रत्येक पायरीला ४ ची भर पडून २५, २९, ३३. चारही बाजूंना ४ मॉड्यूल कोरे सोडायचे, म्हणून हिशोबात ८ मिळवायचे.

आमची लिंक ११८ अक्षरांची होती. एवढं लांब शेपूट कशाला, तर मागे ट्रॅकिंगचे तुकडे जोडलेले. आणि लेबल फाटलं, तेल लागलं तरी चालावं म्हणून मी दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची, `H`, निवडली होती. `H` ला जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी क्यूआर वाचता येतो, असं वाचलं होतं. ते खरंही आहे. पण ती दुरुस्तीची माहितीसुद्धा त्याच चौकोनात जागा खाते. ११८ अक्षरं आणि `H` मिळून क्यूआर ५७ बाय ५७ चा झाला. कोरी जागा धरून ६५. १२० डॉटमध्ये ६५ मॉड्यूल, म्हणजे एकाला पूर्ण २ डॉटसुद्धा मिळत नाहीत. १ डॉटचा, ०.१२५ मिलिमीटरचा ठिपका थर्मलवर टिकत नाही, शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. फोननं तो कधीच उचलला नाही. फाटण्यापासून वाचवायला घेतलेली पातळीच त्याला नडली.

त्याहून खालच्या `M` पातळीवर आलो तर तीच लिंक ४५ बाय ४५ मध्ये मावली. ८ मिळवून ५३, दर मॉड्यूलला २ डॉट, माप १३.२५ मिलिमीटर. वाचायला लागला, पण फोन स्थिर धरावा लागे. मग लिंक आमच्याच वेबसाइटच्या एका छोट्या पत्त्यावर आणली, ३१ अक्षरं. आता `M` वर क्यूआर २९ बाय २९ चा, ८ मिळवून ३७, आणि दर मॉड्यूलला ३ डॉट. माप १३.९ मिलिमीटर. जागा तीच, पण ठिपका दीडपट मोठा, आणि फोन समोर नेताच उघडतो.

क्यूआर बनवून देणारी वेबसाइट तुमची लिंक स्वतःच्या लिंकमध्ये गुंडाळून देते का, हे बघून घ्या. ती सेवा बंद पडली की छापलेलं लेबल निकामी होतं. स्वतःच्या पत्त्याचीच लहान वाट करा.

## ६. प्रेसला पाऊच देताना

पाऊच प्रेसमध्ये छापून घ्यायची वेळ आली की डॉटचा हिशोब तुमचा राहत नाही. तिथे शाई पसरते आणि रेघा जाड होतात. म्हणून बारकोडची फाइल चित्र म्हणून न देता व्हेक्टर, म्हणजे लहानमोठी केली तरी रेघांच्या कडा स्वच्छ राहतात अशी द्या, शंभर टक्के साइज द्या आणि शाईच्या पसरण्यापुरत्या रेघा बारीक करायचं काम प्रेसवाल्यांवर सोडा. त्यांना त्यांच्या मशीनचा अंदाज असतो.

आणि रेघा लाल नकोत. मसाल्याचं पाकीट लाल असणारच, आमच्या डिझाइनमध्येही रेघा विटकरी करायचा बेत होता. काउंटरवरच्या बऱ्याच स्कॅनरचा किरण लाल असतो, आणि लाल किरणाला लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघा ठेवा.

## ७. दुकानात देण्याआधी तपासा

फोननं वाचला म्हणून खूश होऊ नका. आमचा बिघडलेला बारकोडही फोन चार-पाच सेकंदांत वाचत होता, कारण फोन पूर्ण चित्र घेऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. काउंटरवर तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

रोलवर सलग दहा लेबलं छापा. पहिलं, पाचवं आणि दहावं भिंगाखाली धरून त्या तीन जोड्या बघा. पट्टीनं पहिल्या रेघेच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. २ डॉटचा बारकोड असेल तर २३.७५ मिलिमीटर यायला हवेत (९५ गुणिले ०.२५). २४.५ किंवा २३ आले तर वाटेत कुणीतरी साइज बदललेली आहे, सॉफ्टवेअरनं किंवा ड्रायव्हरनं. मग लेबल खऱ्या पाकिटावर चिकटवा, मसाला भरलेल्या, सील केलेल्या, आणि स्कॅनरसमोरून दहा वेळा न्या. दहाही वेळा पहिल्या झटक्यात आवाज यायला हवा.

सगळं बरोबर असूनही एखाद्या ठिकाणी उभी पांढरी चीर दिसली आणि ती प्रत्येक लेबलवर त्याच जागी असली, तर हेडचा एक ठिपका जळालाय किंवा त्यावर घाण बसलीय. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं हेड पुसा. तरीही चीर राहिली तर हेड बदलेपर्यंत बारकोड डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून ती चीर रेघांच्या बाहेर पडेल असं करा.

रोल किंवा रिबन बदललं की ही तपासणी पुन्हा करा. नव्या कागदावर जुनाच डार्कनेस जास्त पडू शकतो, आणि २ डॉटच्या मॉड्यूलला एवढ्यानंही फटी बुजतात. आम्ही चाललेलं एक लेबल प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय, खाली पेननं डार्कनेसचा आकडा आणि रिबनचं नाव लिहिलंय. नवीन रोल घातला की पहिलं लेबल त्याच्या शेजारी धरून बघतो.